शब्दवेध : परिवेष्टारः

सत्यनारायणाच्या पूजेअखेर म्हटल्या जाणाऱ्या मंत्रपुष्पांजलीतील शेवटच्या श्लोकाचे मूळ आणि अर्थ विचारणारे छोटेसे पत्र यजमान देवळातील गुरुजींना लिहितो, तेव्हा 'परिवेष्टारः म्हणजे वेढणारे काय?' ही शंका त्यात हमखास असते. हा श्लोक ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेत, म्हणजे पाच अध्यायांच्या अखेरच्या गटात, राजांच्या ऐंद्र महाभिषेकाच्या वर्णनात येतो. 'परि' या उपसर्गासह 'विष्' धातूचा अर्थ अन्न वाढणे असा होत असल्यामुळे 'परिवेष्टृ' म्हणजे वाढपी, आणि 'परिवेष्टारः' हे त्याचे अनेकवचन. वेढण्याचा अर्थ 'वेष्ट्' या निराळ्या धातूशी असलेल्या उच्चारसाम्यामुळे सुचतो. मरुत्त राजाच्या घरी मरुद्गण वाढपी होते आणि विश्वेदेव सभासद होते, असा श्लोकाचा आशय आहे.