राजमा: शुक्रवार रात्र ते रविवार पहाट

शुक्रवार, रात्री 9.50

राजम्याचा डबा फडताळातून काढून ओट्यावर ठेवला. दोन वाट्या भिजत घालायच्या होत्या. तेवढ्यात फोन आला आणि बोलणं लांबलं. डबा ओट्यावरच राहिला, झाकण लावलेला.

शनिवारी संध्याकाळी 7.50 ला आमच्या घरातली पहिली उलटी झाली. त्याला अजून बावीस तास होते.

राजमा पिशवीतून डब्यात ओतला होता सप्टेंबरात, आणि पिशवी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. तिच्या मागच्या बाजूला भिजवण्याच्या आणि उकळण्याच्या सूचना होत्या. त्या मी वाचल्या नव्हत्या. राजमा कसा करायचा हे मला येतं, असं मी धरून चालले होते.

शनिवार, सकाळी 6.45

डबा दिसला. दोन वाट्या राजमा पातेल्यात घेतला आणि वर नळाचं गरम पाणी ओतलं. गरम पाण्यात लवकर भिजेल, हा हिशोब.

साताऱ्याहून आलेल्या सासूबाई चहा घेत होत्या. त्यांचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, वाघ्या घेवड्याच्या मुलखातलं. घेवडा आणि राजमा एकाच जातीचे भाऊ. त्या पातेल्यात डोकावल्या. "आत्ता भिजवतेस? आमच्याकडे रात्री घालतात."

मी म्हटलं, "होईल आई, गरम पाणी आहे."

सकाळी 9.10

दोन तास पंचवीस मिनिटं झाली होती. दाणे फुगले नव्हते. सालीला फक्त सुरकुत्या आल्या होत्या. एक दाणा नखाने फोडला, तर कडेला ओल आणि मध्ये पांढरा, कोरडा खडूसारखा ठिपका.

निदान पाच तास भिजवायचं असतं, आणि रात्रभर तर उत्तम. त्याची कारणं दोन. कच्च्या राजम्यात विष असतं; ते थोडंफार पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर फेकता येतं, हे एक. दुसरं मोठं: पाणी दाण्याच्या मध्यापर्यंत पोचलं की नंतर उष्णताही तिथपर्यंत नीट पोचते. मात्र नुसतं भिजवून विष जात नाही. 1976 साली ब्रिटनमध्ये सुटीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी रात्रभर भिजवलेला राजमा तसाच कच्चा खाल्ला होता. ती सगळी आजारी पडली.

माझ्या पातेल्यात अर्धवट भिजलेले दाणे होते, आणि साडेनऊला मराठी शाळेसाठी निघायचं होतं.

सकाळी 9.15

प्रेशर कुकरची रिंग तीन आठवडे ढिली होती. वाफ कडेने निसटायची, शिट्टी व्हायची नाही. 'रिंग' हा शब्द फ्रिजवरच्या यादीत होता, दुधाच्या खाली.

म्हणून स्लो कुकर काढला. विजेवर चालणारं हे चिनी मातीचं भांडं न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या बऱ्याच घरांत असतं. सकाळी सगळं आत टाका, संध्याकाळी जेवा.

राजमा ओतला, भिजवलेल्या पाण्यासकट. पाण्यात सत्त्व असतं, ते कशाला फेकायचं, असं लहानपणापासून ऐकलं होतं. मोड आलेल्या मटकीला ते लागू असेल. राजम्याच्या बाबतीत त्या पाण्यात दुसरंही काही होतं. वर दोन कांदे, तीन टोमॅटो, आलं-लसूण, मसाला. टोमॅटोच्या आंबटपणाने दाणा मऊ व्हायला आणखी वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. घाई होती.

बटण 'लो' वर. चार तास, मग आपोआप 'वॉर्म'.

सासूबाईंनी विचारलं, "ह्याला शिट्ट्या किती?"

"ह्याला शिट्ट्या नसतात, आई."

दुपारी 12.00

घरी कोणी नव्हतं. झाकणाच्या काचेवर वाफेचे थेंब जमत होते. आतलं पाणी गरम होत होतं, उकळत नव्हतं.

राजम्यातल्या विषाचं नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. हे एक प्रथिन आहे. बी खाणाऱ्या किड्या-प्राण्यांपासून ते बीचं रक्षण करतं. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेचे धागे असतात, त्यांना ते चिकटतं. रक्तात मिसळलं तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. नावही त्यावरूनच पडलं आणि मोजमापही त्याच गुणाचं होतं. कच्च्या लाल राजम्यात त्याचे 20,000 ते 70,000 एकक भरतात, पूर्ण शिजलेल्यात 200 ते 400. हे प्रथिन पोटातल्या आम्लाने आणि पाचकरसांनी सहसा तुटत नाही. ते सगळं ओलांडून लहान आतड्यात जातं आणि तिथल्या अस्तराला धरून बसतं. त्यानंतरचं काम शरीर करतं: जे आत आलंय ते दोन्ही वाटांनी बाहेर काढायचं. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात.

प्रथिनाची पकड त्याच्या घडीत असते. पाणी खळखळ उकळलं की ती घडी उलगडते आणि पकड सुटते. 100 अंशांना हे काही मिनिटांत होतं. त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला कितीही तास ठेवलं, तरी भरवसा नाही.

दुपारी 1.20

चार तास भरले. कुकर 'वॉर्म' वर गेला.

पुढच्या आठवड्यात मी त्याच भांड्यात तेवढंच पाणी घालून, त्याच बटणावर चार तास ठेवून, थर्मामीटर बुडवला. 76 अंश. मंद आचेच्या अशा भांड्यांत पदार्थ बऱ्याचदा 75 च्या वर जातच नाही, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुस्तिकेत लिहिलं आहे. पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं: 80 अंशांपर्यंत तापवलेल्या राजम्याचा विषारीपणा कच्च्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे मी नुसतं शिजवायचं राहू दिलं नव्हतं. चार तास वीज जाळून मी बहुधा तो राजमा कच्च्याहून वाईट करत होते.

दुपारी 3.00

आम्ही मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम बघत होतो.

घड्याळातल्या ह्याच वेळी, 1988 साली, एका इस्पितळात एका शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियागृहातच उलटी झाली होती. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात 'आरोग्यदायी आहार दिन' होता. दुपारच्या जेवणात राजम्याचा एक पदार्थ होता आणि त्याच्या 31 थाळ्या गेल्या होत्या. पुढच्या चार तासांत आणखी दहा जणांना जोरदार उलट्या झाल्या, काहींना जुलाबही. अन्नात रोगजंतू सापडले नाहीत. राजम्यात हे प्रथिन मात्र नेहमीपेक्षा खूप जास्त निघालं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे बरे झाले.

त्या थाळ्या खाणारे इस्पितळातलेच लोक होते. ताटातल्या दाण्याकडे बघून त्यांनाही काही कळलं नाही. कळण्यासारखं काही नसतंच. ह्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही.

संध्याकाळी 5.40

घरी आलो. दार उघडताच मसाल्याचा वास. रस्सा दाट झाला होता, रंग सुरेख आला होता. चमच्यात एक दाणा घेऊन चावला. वरून मऊ, आत दडदडीत.

मी मीठ घातलं आणि भात लावला.

संध्याकाळी 6.20

पानं वाढली. नवऱ्याने दोन वाट्या घेतल्या, मी एक, अकरा वर्षांच्या थोरलीने एक. धाकटीने दही-भात मागितला.

सासूबाईंनी एक दाणा बोटांत दाबला. तो चेपला नाही, निसटून ताटात पडला. "अगं, हा शिजला नाही."

मी मोठा वाडगा दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. कडेला बुडबुडे आले. परत वाढलं. सासूबाईंनी लोणचं-भात खाल्ला. थोरली म्हणाली, "मला असाच आवडतो, कुरकुरीत."

संध्याकाळी 7.50

थोरली अभ्यासाला बसली होती. उठली, मोरीपर्यंत पोचली नाही.

रात्री 8.05

नवरा. मग 8.20 ला मी.

लक्षणं साधारण एक ते तीन तासांत सुरू होतात. जंतूंमुळे होणाऱ्या अन्नबाधेला बऱ्याचदा ह्याहून जास्त वेळ लागतो. एकच पदार्थ खाल्लेल्या तिघांना अर्ध्या तासाच्या आत उलट्या, ताप कोणालाच नाही, आणि तो पदार्थ न खाल्लेल्या दोघी ठणठणीत. जुळवाजुळव एवढीच होती. त्या वेळी ती मला सुचली नाही. मी दह्यावर संशय घेत होते.

रात्री 8.45

विषबाधेच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी काय-काय खाल्लं ते विचारलं. राजमा म्हटल्यावर त्या थांबल्या.

"डब्यातला, की कोरडा आणून शिजवलेला?"

डब्यातला कारखान्यातच शिजलेला असतो. आमचा कोरडा.

"पाण्याला खळखळून उकळी आली होती का? किती वेळ?"

मी सांगितलं. ह्याला उतारा नसतो, त्या म्हणाल्या. घोट-घोट पाणी आणि साखर-मीठ द्या. मुलीला लघवी होतेय का बघा. रक्त दिसलं, ग्लानी आली किंवा पाणी पोटात ठरेना, तर इस्पितळात न्या.

रात्री 9.30

जुलाब सुरू झाले. थोरलीला अकरा उलट्या झाल्या होत्या. सासूबाई कॅलेंडरच्या मागे रेघा ओढत होत्या. प्रत्येक रेघेनंतर एक चमचा साखर-मिठाचं पाणी, मग दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा एक चमचा. अकराव्या रेघेनंतर थोरली डोळे मिटून पडली होती, आणि मी तिच्या नाकाशी हात धरून बसले होते.

रात्री 11.40

शेवटची रेघ. पहिलीपासून तीन तास पन्नास मिनिटं. बहुतेकांचं तीन-चार तासांत ओसरतं, तसंच झालं. तिला लघवी झाली. सासूबाईंनी तिची चादर बदलली.

रविवार, पहाटे 5.30

उरलेला राजमा भांड्यात होता, कोमट. कुकर अजून 'वॉर्म' वरच. सासूबाईंनी एक दाणा धुऊन सुरीने उभा चिरला आणि बशीत माझ्यापुढे ठेवला. मधला पांढरा ठिपका काल सकाळी होता तिथेच होता, थोडा लहान झालेला.

पुढचा शुक्रवार, रात्री 9.50

दोन वाट्या राजमा, आठ वाट्या गार पाणी.

शनिवार, सकाळी 9.50

बारा तास. दाणे जवळपास दुप्पट झाले होते. चिरलेला दाणा आतपर्यंत एकाच रंगाचा. लालसर पाणी मोरीत ओतलं, दाणे दोनदा धुतले, ताजं पाणी घातलं. रिंग आली होती. तरी सासूबाई म्हणाल्या, आधी उघड्या पातेल्यात, बघू दे मला.

ब्रिटनमध्ये दहा मिनिटं खळखळ उकळायला सांगतात, आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायला. अमेरिकेची पुस्तिका तीस मिनिटं म्हणते, म्हणजे दाण्याच्या मध्यापर्यंतही तेवढी उष्णता पोचते. वेळ मोजायची ती उकळी फुटल्यापासून, पातेलं ठेवल्यापासून नव्हे. असं उकळून घेतल्यावर तो स्लो कुकरमध्येही चालतो.

सकाळी 10.04

कडेला बुडबुडे आले. मी घड्याळाकडे बघितलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "अजून नाही."

सकाळी 10.07

फेस वर आला, पातेल्याच्या काठापर्यंत. त्यांनी तो झाऱ्याने काढला. खाली दाणे वर-खाली नाचत होते.

"आता मोज."