चार शब्दांचे जर्मन

२६ जून १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी पश्चिम बर्लिनमध्ये आले, तेव्हा शहर दुभंगणारी भिंत उभी राहून दोन वर्षे होत आली होती. पूर्व जर्मनीच्या प्रदेशाने वेढलेल्या या शहराला एकच शंका ग्रासत होती : प्रसंग आला तर अमेरिका आपल्या पाठीशी उभी राहील काय? नगरभवनासमोर लोटलेल्या लाखोंच्या समुदायाला याचे उत्तर त्यांच्याच भाषेत मिळणे अगत्याचे होते. परंतु केनेडींना जर्मन येत नव्हते.

प्रवासापूर्वी दुभाषे रॉबर्ट लॉखनर यांनी त्यांच्याकडून काही जर्मन वाक्ये म्हणवून घेतली होती. ती नीट जमेनात, तेव्हा तो बेत सोडण्यात आला. लांब जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी येते. अर्थ न जाणणाऱ्या वक्त्याला तोवर जोर कोठे द्यावा, हेच उमगत नाही.

अखेर सभेपूर्वी, महापौर विली ब्रांट यांच्या कचेरीत, चार शब्दांचे एक वाक्य घोकले गेले : 'इश् बिन आइन बेर्लीनर', म्हणजे 'मी बर्लिनवासी आहे'. पहिले तीन शब्द एकेका अवयवाचे, चौथा शहराच्या नावावरून आलेला. केनेडींनी ते जर्मन वर्णलेखनाप्रमाणे न लिहिता आपल्या इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे टिपून घेतले. 'बेर्लीनर'चा आरंभ त्यांनी अस्वलाला असलेल्या इंग्रजी शब्दाने केला. त्यामुळे परका उच्चार ओळखीच्या अक्षरांतून जिभेवर येई.

वाक्याच्या जागेचाही विचार होता. प्राचीन काळी 'मी रोमचा नागरिक आहे' हे म्हणणे अभिमानाचे होते, असे त्यांनी आधी सांगितले, आणि मगच ते चार शब्द उच्चारले. अर्थाची वाट अशी आधीच तयार झाली होती. दुभाष्याने तेच शब्द पुन्हा म्हणताच, माझ्या जर्मनचे भाषांतर केल्याबद्दल आभारी आहे, असे केनेडी म्हणाले आणि हशा पिकला. पुढे 'त्यांना बर्लिनला येऊ द्या' हे वाक्य तीनदा इंग्रजीत म्हटल्यावर चौथ्या खेपेस ते जर्मनमध्ये आले. भाषणाचा शेवट पुन्हा त्याच चार शब्दांनी झाला.

'बेर्लीनर' हे एका गोड वड्याचेही नाव असल्याने केनेडींनी स्वतःला वडा म्हणवून घेतले, अशी दंतकथा पुढे पसरली. ती निराधार आहे. बर्लिनमध्ये त्या पदार्थाला निराळेच नाव आहे. शिवाय 'आइन' गाळले असते, तर जन्माने वा वास्तव्याने बर्लिनचा, असा शब्दशः अर्थ निघाला असता. मनाने बर्लिनकर, हा भाव त्या छोट्या शब्दामुळेच आला. वाक्य लहान असले की एकेका शब्दावर असा भार पडतो. म्हणूनच ते ती भाषा उत्तम जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे लागते.