मॉश आणि एसएसएच (प्रवासातील जोडणी)

दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून काम करण्याची दोन साधने. एसएसएच मूळचे व जवळपास प्रत्येक सर्व्हरवर असलेले. मॉश (‘मोबाइल शेल’चे लघुरूप) लॉगिनपुरते एसएसएचचाच आधार घेते आणि पुढचे काम स्वतःच्या पद्धतीने चालवते. रेल्वे किंवा बसमध्ये रेंज येत-जात असताना या दोहोंतला फरक ठळकपणे जाणवतो. प्रस्तुत नोंद तेवढ्यापुरतीच आहे.

इतिहास : एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी तयार केले. मॉश अमेरिकेतील एमआयटीमधील कीथ विन्स्टाइन व हरी बालकृष्णन यांनी २०१२ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडले.

एसएसएच का अडकते : बोगद्यात रेंज गेली की एसएसएचची जोडणी तुटते, असा समज आहे. बहुधा ती तुटत नाही, नुसती थिजते. दोष एसएसएचचा नसून त्याखालच्या टीसीपीचा आहे. पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही की टीसीपी ते पुन्हा पाठवते आणि प्रत्येक अपयशानंतर पुढच्या प्रयत्नापूर्वी दुप्पट थांबते. जाळ्यावर गर्दी असेल तर तिच्यात भर घालू नये, हा त्यामागचा हेतू. गर्दीसाठी हा नियम उत्तम आहे, बोगद्यासाठी मात्र तो गैरलागू ठरतो.

उदाहरणार्थ, कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो ओलांडायला साधारण २९० सेकंद लागतात. आत रेंज अजिबात नाही आणि पहिली प्रतीक्षा ०·४ सेकंदाची, असे धरू. मग लिनक्सवर फेरप्रयत्न ०·४, १·२, २·८ असे सुरू होऊन ५१ व १०२ सेकंदांच्या आसपास होतात. पुढचा २०४ व्या सेकंदाला. प्रतीक्षेची कमाल मर्यादा १२० सेकंद असल्याने त्यानंतरचा प्रयत्न ३२४ व्या सेकंदाला होतो. गाडी २९० व्या सेकंदाला उजेडात आली, फोनवर रेंजच्या दांड्या भरल्या, त्याच फोनवर ब्राउझरमधली नवी पाने झटपट उघडू लागली, तरी टर्मिनल आणखी अर्धा मिनिट निपचित पडून राहते. या काळात कितीही कळा दाबल्या तरी पुढचा प्रयत्न लवकर होत नाही. त्या सगळ्या रांगेत साठतात आणि जोडणी जागी होताच एकदम सर्व्हरवर जाऊन पडतात. वैतागून चारदा दाबलेले एंटर व कंट्रोल-सी नेमके तेव्हा लागू होतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

बोगदा मोठा असूनही इथे जोडणी जिवंत राहिली, कारण लिनक्स मूळ मांडणीत सुमारे पंधरा मिनिटे प्रयत्न सोडत नाही. ती मारण्याचे काम पुष्कळदा वापरणाराच करतो. ‘एसएसएच तुटू नये म्हणून’ सर्रास सुचवली जाणारी मांडणी अशी :

```
ServerAliveInterval 15
ServerAliveCountMax 3
```

हिचा अर्थ, दर पंधरा सेकंदांनी विचारणा करा आणि लागोपाठ तीन विचारणा अनुत्तरित राहिल्या की जोडणी सोडून द्या. म्हणजे पाऊण मिनिटाच्या आसपास खेळ संपला. घरच्या राउटरमागे निष्क्रिय जोडणी टिकवायला ही मांडणी उपयोगी असली, तरी घाटातल्या प्रवासात ती उलटते. गाडीत बसण्यापूर्वी दुसरा आकडा वाढवून ४० केल्यास दहा मिनिटांची सवड मिळते.

याउलट फोनचा आयपी पत्ता बदलला, उदाहरणार्थ स्थानकाच्या वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेला, तर एसएसएचला इलाज नाही. टीसीपीची जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट यांनी ओळखली जाते. त्यातला एक बदलला की जुनी जोडणी निकामी होते. एकाच कंपनीच्या टॉवरवरून टॉवरवर जाताना मात्र पत्ता सहसा तोच राहतो. एसएसएचच्या खिडकीत अडकलेले सत्र बंद करायला एंटर दाबून `~.` टंकावे.

मॉशची रीत : `mosh` प्रथम एसएसएचने लॉगिन करून पलीकडे `mosh-server` सुरू करते, त्याच्याकडून पोर्ट व गुप्त किल्ली घेते आणि ती एसएसएच जोडणी बंद होते. पुढचा व्यवहार यूडीपीवर, ६०००० ते ६१००० यांपैकी एका पोर्टवर चालतो. सर्व्हर अक्षरांचा प्रवाह पाठवत नाही. पडद्याची सध्याची स्थिती आणि ग्राहकाला ठाऊक असलेली स्थिती यांतला फरक तेवढा पाठवतो. बोगद्यात असताना लॉगच्या हजार ओळी सरकून गेल्या, तरी बाहेर आल्यावर त्या हजार ओळी येत नाहीत, शेवटचा पडदा येतो. किल्लीने पडताळलेले नवे पॅकेट ज्या पत्त्यावरून आले तोच ग्राहकाचा पत्ता, असे सर्व्हर मानतो. म्हणून वाय-फायवरून डेटावर जाणे त्याच्या खिजगणतीत नसते. दुप्पट थांबण्याचा नियमही इथे नाही. काहीच घडत नसले तरी दर तीन सेकंदांनी एक छोटे पॅकेट जाते, त्यामुळे रेंज परतल्यावर पडदा दोन-तीन सेकंदांत हलतो. तोवर वरच्या निळ्या पट्टीवर शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते दिसत राहते. एसएसएचचा पडदा थिजला आहे की आज्ञाच सावकाश चालली आहे, हे कळत नाही. इथे ते कळते.

दुसरा गुण म्हणजे अंदाज. टंकलेले अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पडद्यावर उमटते आणि विलंब मोठा असल्यास खात्री होईपर्यंत अधोरेखित राहते. मूळ निबंधातील मोजणी अमेरिकेतील एका थ्रीजी जाळ्यावरची आहे. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा मध्यक काळ एसएसएचमध्ये ५०३ मिलिसेकंद, तर मॉशमध्ये ५ मिलिसेकंदांहून कमी आढळला. सुमारे सत्तर टक्के कळा तत्काळ दिसल्या. उरलेल्यांत मेलमधून पुढे-मागे जाण्यासारख्या, अंदाज बांधता न येणाऱ्या कळा होत्या. आजच्या फोरजीवर हा फरक बराच कमी भासेल.

मर्यादा : पडद्यावरून वर सरकून गेलेला मजकूर मॉश सांभाळत नाही. त्यामुळे सर्व्हरवर टीमक्स चालवणे जवळपास भागच पडते. फाइल पाठवणे व पोर्ट पुढे नेणे यांसाठी एसएसएचच लागते. आयपीव्ही४ व आयपीव्ही६ यांदरम्यान सत्र हलवता येत नाही. कंपनीच्या फायरवॉलने यूडीपी अडवले असल्यास लॉगिन होते, मग पुढील वाक्य दिसत राहते :

```
mosh: Nothing received from server on UDP port 60001.
```

लॅपटॉप झाकून ठेवला तर सत्र टिकते, बंद करून सुरू केला तर टिकत नाही, कारण किल्ली केवळ चालू असलेल्या ग्राहकाकडे असते. पलीकडचा `mosh-server` मात्र मूळ मांडणीत अनंत काळ वाट पाहत राहतो आणि पुढच्या मॉश लॉगिनला अशा बेवारस सत्रांचे क्रमांक दाखवले जातात. सर्व्हरवर `MOSH_SERVER_NETWORK_TMOUT` ला सेकंदांत मुदत दिल्यास ती आपोआप संपतात.

सुरक्षा : मॉशच्या व्यवहाराला एईएस-१२८, ओसीबी पद्धत.

बसप्रवास : खंड वारंवार पण लहान, म्हणून एसएसएच व टीमक्स ही जोडी पुष्कळांना पुरते.