पौंड, रुपया आणि खंडी : गणितातील शाब्दिक उदाहरणांच्या मराठीकरणाचा एक प्रश्न

इ. स. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने चार्ल्स हटन यांच्या इंग्रजी ग्रंथांवरून मराठी गणिताची पुस्तके सिद्ध झाली. या परंपरेतील भाषांतराची चर्चा बहुधा परिभाषेपुरतीच होते. वास्तविक खरी कसोटी शाब्दिक उदाहरणांत होती. जॉनचा गोविंद केल्याने उत्तर बदलत नाही. नाणे बदलले की बदलते.

पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स. १८३५ पासून चाललेल्या कंपनीच्या एकरूप रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. खालची पायरी दोन्हीकडे १२ चीच असल्याने शिलिंगाच्या जागी आणा लिहिण्याचा मोह सहज होतो. नमुन्यादाखल एक उदाहरण घेऊ. कापड दर वारास ३ शिलिंग ४ पेन्स, तर ६ वारांचे किती? उत्तर नेमके १ पौंड. कारण हा दर पौंडाचा सहावा हिस्सा आहे आणि विद्यार्थ्याने तो ओळखावा यासाठीच आकडे तसे निवडलेले असतात. दर ३ आणे ४ पै केला, तर उत्तर १ रुपया ४ आणे येते. गुणाकार बरोबर असतो, मात्र उदाहरणाचा हेतू नाहीसा होतो. मागील उत्तरसूची तशीच राहिली, तर चूक उघडी पडते. तीही नव्याने केली असल्यास कोणाच्याच ध्यानात येत नाही.

येथे आकडा नव्हे, हिस्सा राखावा लागतो. रुपयाच्या १९२ पै. त्यांचा सहावा हिस्सा ३२ पै, म्हणजे २ आणे ८ पै. हा दर ठेवला की ६ वारांचा पुन्हा १ रुपया होतो.

आकडेही जसेच्या तसे हवे असतील, तर नाणे सोडून धान्याच्या मापाकडे वळावे लागते. दख्खनमध्ये अनेक ठिकाणी १२ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी असे. म्हणजे पौंडाचीच रचना. सहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी ३ मण ४ पायल्या धान्य अंबारात घातले, तर एकूण बरोबर १ खंडी भरते. अर्थात खरेदीचे उदाहरण मग साठ्याचे होते, आणि जेथे १६ पायल्यांचा मण चालतो तेथे उत्तर पुन्हा चुकते. पाठ्यपुस्तक साऱ्या इलाख्याचे, माप मात्र तालुक्याचे, ही अडचण कोष्टक छापूनच सुटणारी होती.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि हाच प्रश्न मराठीतून मराठीत येताना उभा राहिला. २ आणे ८ पै म्हणजे १६ पूर्णांक २/३ नवे पैसे. असा दर दुकानात सांगता येत नाही. रुपयाचा सहावा हिस्सा नाण्यांत उरलाच नाही. चौथा (२५) टिकला आणि पाचवा (२०) आता नेमका येऊ लागला. त्यामुळे अशा उदाहरणात दर २० पैसे आणि कापड ५ वार करावे लागते; उत्तर १ रुपयाच राहते, पण सहाव्या हिश्श्याचा सराव त्यातून होत नाही.