घटनेनंतरचं पहिलं निवेदन: अर्धवट माहितीत काय सांगावं, काय सांगू नये?

गावात, शाळेत किंवा दवाखान्यात काही वाईट घडलं की तास-दोन तासांत जबाबदार माणसाला काहीतरी सांगावंच लागतं. लोक दारात उभे असतात, फोन वाजत असतात आणि नेमकं काय झालं हे त्यालाही पुरतं माहीत नसतं. अशा वेळी काढल्या जाणाऱ्या छोट्या पत्राला प्राथमिक निवेदन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत यालाच 'होल्डिंग स्टेटमेंट' म्हणतात. चौकशी होईपर्यंत लोकांना खरी तेवढीच माहिती देणं, एवढंच याचं काम.

नांदेडचं उदाहरण

नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ बालकं होती आणि बहुतेक नवजात होती. २ ऑक्टोबरला बातमी देशभर गेली आणि रुग्णालयाला त्याच दिवशी बोलावं लागलं.

रुग्णालयाच्या लेखी खुलाशात एक गोष्ट चांगली होती. नुसता आकडा न देता प्रौढ किती, बालकं किती आणि प्रौढांना कोणते आजार होते, याची फोड दिली होती. हृदयविकार, किडनी, विषबाधा, अपघात असे वेगवेगळे रुग्ण त्यांत होते. सगळे एकाच कारणाने गेले का, या लोकांच्या मनातल्या प्रश्नाला त्यातून थोडं उत्तर मिळत होतं.

घोळ झाला तो औषधांच्या मुद्द्यावर. पत्रकारांशी बोलताना अधिष्ठात्यांनी सांगितलं होतं की ७०-८० किलोमीटरच्या परिसरात हेच मोठं रुग्णालय आहे, लांबून रुग्ण येतात, संख्या वाढली की निधी कमी पडतो, आणि हाफकिनकडून औषध खरेदी न झाल्याने ती स्थानिक पातळीवर करावी लागली. लेखी खुलाशात मात्र अत्यावश्यक औषधं उपलब्ध असल्याचं म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूही शकतात, कारण खरेदी अडली तरी काही औषधं शिल्लक असतात. पण लोकांच्या कानावर गेलं ते एवढंच, की एकाच दवाखान्यातून दोन वेगळी उत्तरं आली. त्यानंतर खुलाशातल्या बरोबर माहितीवरही कुणी विश्वास ठेवेना.

दुसरी अडचण आकड्याची. पुढच्या दिवसापर्यंत मृत्यूंची संख्या ३१ झाली. 'अमुक वाजेपर्यंत' असं न लिहिता आकडा दिला, तर तो वाढल्यावर पहिला आकडा लपवाछपवीचा वाटतो.

औषधं, खाटा, डॉक्टर-नर्सची रिक्त पदं हे खरे प्रश्न पहिल्या दिवशी सुटणारे नव्हते. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे मंजूर व रिक्त पदांचा, औषधांचा तपशील मागितला. म्हणजे ज्याला कागदपत्रं आणि तपासणी लागते, त्याचं उत्तर पहिल्या पत्रात 'नाही' किंवा 'आहे' असं देऊन टाकायचं नसतं. तिथे 'तपासणी सुरू आहे' एवढंच खरं असतं.

गावपातळीवर कसं लिहायचं?

समजा, एका जिल्हा परिषद शाळेत पोषण आहारानंतर मुलांना उलट्या सुरू झाल्या. पहिल्यांदा मुलांना दवाखान्यात हलवायचं आणि वरिष्ठांना कळवायचं. सरकारी कर्मचाऱ्याने माध्यमांशी परस्पर बोलू नये असा नियम आहे. पण पालकांना कळवणं थांबवता येत नाही. त्यांच्यासाठी पत्र असं असावं:

> आज दुपारी १२.१५ च्या सुमारास आपल्या शाळेतील काही विद्यार्थ्यांना पोषण आहार घेतल्यानंतर उलटी व पोटदुखीचा त्रास झाला. दुपारी २ वाजेपर्यंत २३ विद्यार्थ्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले आहे. दोन शिक्षक सोबत आहेत. उरलेले अन्न व पाणी तपासणीसाठी बाजूला ठेवले आहे. त्रास कशामुळे झाला हे अजून निश्चित नाही. घरी गेलेल्या मुलाला त्रास जाणवल्यास लगेच रुग्णालयात न्यावे किंवा १०८ वर फोन करावा. पुढील माहिती सायंकाळी ५ वाजता शाळेत दिली जाईल. — मुख्याध्यापक

यात 'आहार घेतल्यानंतर' लिहिलंय, 'आहारामुळे' नाही. 'नंतर' हा घड्याळाचा विषय आहे आणि तो सगळ्यांनी पाहिलाय. 'मुळे' हा प्रयोगशाळेचा विषय आहे. दोष पाण्यात असेल, तेलात असेल, किंवा सकाळी वाटलेल्या खाऊतही असेल. तरी वाचणारा 'नंतर'चा अर्थ 'मुळे' असाच घेतो, म्हणून कारण निश्चित नाही हे वेगळं वाक्य लागतंच. मुलांची नावं यात नाहीत. ती पालकांना थेट फोनवर सांगायची, ग्रुपवर टाकायची नाहीत.

आता नेहमी पडतो तो मेसेज बघा: 'सर्व मुले सुखरूप आहेत, घाबरू नये, अफवांवर विश्वास ठेवू नये.' मुलं सुखरूप आहेत हे डॉक्टरांनी सांगायचं, शाळेने नाही. आणि यातला धोका नुसता बदनामीचा नाही. एखादं पोरगं घरी जाऊन चार वाजता उलट्या करायला लागलं, तर 'सगळे सुखरूप' वाचलेली आई लिंबू-पाणी देऊन वाट बघत बसते. वरच्या पत्रातलं १०८ चं वाक्य त्यासाठीच आहे.

पाच वाजताचं दुसरं पत्र

वेळ दिली की ती पाळायची. नवीन काही नसलं तरी 'अहवाल अजून आलेला नाही, पुढची माहिती उद्या सकाळी १० वाजता' असं कळवायचं. आकडा बदलला तर जुना आकडा गुपचूप खोडायचा नाही. 'दुपारी २ पर्यंत २३ विद्यार्थी होते. नंतर घरून ६ जणांना आणल्यामुळे आता एकूण २९ झाले आहेत,' असं फरकाचं कारण सांगून लिहायचं. बोलणारा माणूसही एकच ठेवायचा. मुख्याध्यापक एक, सरपंच दुसरं आणि आहार शिजवणाऱ्या ताई तिसरं सांगू लागल्या की नांदेडसारखंच होतं.

वाचताना काय पाहावं?

आपल्या मोबाइलवर असं पत्र आलं तर आधी त्यावर वेळ आणि सांगणाऱ्याचं पद आहे का ते बघा. मग वाक्यांची शेवटं बघा. 'दाखल केले आहे' ही झालेली गोष्ट आहे. 'प्रथमदर्शनी', 'असावे', 'प्राथमिक अंदाज' हे शब्द म्हणजे अजून पुरावा नाही. 'आकस्मिक मृत्यूची नोंद' म्हणजे पोलिसांनी चौकशीसाठी केलेली नोंद, मृत्यूचं कारण ठरलं असा तिचा अर्थ नाही. आणि पहिल्याच दिवशी 'कोणाचाही हलगर्जीपणा नाही' असं लिहिलेलं असेल, तर हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं, असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिल्या पत्राचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. चौकशी अहवाल आल्यावर माहिती अधिकारात अर्ज करून त्याची प्रत मागता येते, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. तपासाला बाधा येईल असं कारण देऊन नकार मिळू शकतो, त्यावर अपील करता येतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पहिल्या दिवशी काय माहीत होतं आणि काय दडवलं, ते कळतं.