स्लाइडवरची शेवटची ओळ

२४ जानेवारी २००३ ची सकाळ. अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या नासाच्या केंद्रात एक खोली इतकी भरली होती, की काही इंजिनियर बाहेर पॅसेजमध्ये उभे होते. आत पॉवरपॉइंटच्या स्लाइड एकामागून एक सरकत होत्या. आठवडाभराचं काम त्या स्लाइडमध्ये बसवलेलं होतं. खोलीत ते काम ऐकणारा मॅनेजर थोड्याच वेळात वरच्या बैठकीत जाऊन त्याचा सारांश तोंडी सांगणार होता, आणि त्या सारांशावर वरिष्ठ निर्णय घेणार होते.

तेव्हा कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीभोवती फिरत होतं. त्यात सात माणसं होती. हरियाणातल्या कर्नालमध्ये वाढलेली कल्पना चावला त्यांपैकी एक.

लांबलचक अहवाल चार मुद्द्यांत मांडून साहेबांना पाठवणं हे आज कुठल्याही ऑफिसातलं रोजचं काम आहे. ते नीट जमलं नाही तर काय होऊ शकतं, याचं बहुधा सगळ्यात बारकाईने तपासलं गेलेलं उदाहरण म्हणजे त्या दिवशीची ती एक स्लाइड.

आधी काय घडलं होतं ते पाहू. १६ जानेवारीला कोलंबियाने उड्डाण केलं. सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. फोम म्हणजे टाकी थंड ठेवण्यासाठी लावलेलं हलकं आवरण. तुकड्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण आदळण्याचा वेग ताशी साधारण साडेआठशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उड्डाणाचं चित्रण पाहताना ही धडक लक्षात आली. पंखाला नेमकं काय झालं हे मात्र त्या चित्रणात दिसत नव्हतं.

मग इंजिनियरांचा एक गट नेमला गेला. त्यांच्याकडे ‘क्रेटर’ नावाचं गणिती मॉडेल होतं. एखादा तुकडा यानाच्या उष्णतारोधक टाइलवर आदळला तर खड्डा किती खोल पडेल, याचा अंदाज ते देई. या वेळी क्रेटरचं उत्तर काळजी वाढवणारं आलं: खड्डा टाइलच्या जाडीपेक्षाही खोल. पण इंजिनियरांचा अनुभव असा होता की क्रेटर नुकसान जास्तच दाखवतं. शिवाय टाइलच्या तळाशी अधिक घट्ट थर असतो, तो या मॉडेलने हिशेबात धरलेला नव्हता. म्हणून प्रत्यक्षात नुकसान कमी असेल, अशी त्यांची समजूत झाली.

इथे एक गोष्ट मोलाची होती. क्रेटर ज्या चाचण्यांवर बेतलं होतं त्यांतला फोमचा तुकडा होता ३ घन इंचांचा, म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या आत-बाहेर. अर्ध्या कटिंग चहाएवढा म्हणा. कोलंबियावर आदळलेला तुकडा त्यांच्या अंदाजाने १९२० घन इंचांचा होता. ऑफिसात पाण्याचा वीस लिटरचा जार असतो, तसे दीड जार. अर्ध्या कटिंगवर केलेल्या चाचण्यांवरून दीड जाराबद्दल काय सांगता येईल? फार काही नाही. हा फरक ६४० पटींचा होता.

ही माहिती इंजिनियरांनी लपवली नव्हती. ती स्लाइडवर होती. पण कुठे होती?

स्लाइडचं शीर्षक मराठीत सांगायचं तर असं होतं: चाचण्यांच्या माहितीनुसार टाइल भेदली जाण्याचा अंदाज सावधपणे, जास्तीच धरलेला दिसतो. म्हणजे शीर्षकच दिलासा देणारं. त्याखाली मुद्दा, मुद्द्याखाली उपमुद्दा, त्याखाली आणखी आत सरकवलेल्या ओळी. जुनी माहिती तपासली. क्रेटरने नुकसान लक्षणीय जास्त दाखवलं होतं. मऊ फोमला कडक टाइल भेदायला लक्षणीय ऊर्जा लागते. मात्र पुरेसं वजन आणि वेग असेल तर ते शक्य आहे. एकदा टाइल भेदली की लक्षणीय नुकसान होऊ शकतं. मग तळाशी: प्रत्यक्ष उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या लक्षणीय बाहेर आहे. आणि त्याच्याही खाली, एका उपमुद्द्यात: तुकडा १९२० घन इंच, चाचणीतला ३ घन इंच.

माहितीची मांडणी या विषयातले जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी पुढे या स्लाइडची चिरफाड केली आणि ती अपघाताच्या चौकशी अहवालात घेतली गेली. त्यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी इथे पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट क्रमाची. शीर्षक सांगतं, काळजी नको. सगळ्यात खालची ओळ सांगते, वरचं काहीही या तुकड्याला लागू पडेलच असं नाही. शेवटची ओळ खरी मानली तर शीर्षक टिकत नाही. पण घाईत असलेला माणूस वरून वाचायला सुरुवात करतो आणि शीर्षक घेऊन निघून जातो. त्यात त्याचा आळस नसतो. आपण शीर्षक देतो तेच मुळी त्याने ते घेऊन जावं म्हणून.

दुसरी गोष्ट ‘लक्षणीय’ या शब्दाची. इंग्रजीतला हा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. एका ठिकाणी तो ‘मोजता येण्याइतकं’ असा वाचता येतो, एका ठिकाणी ‘यान नष्ट होण्याइतकं’ असा, तर एका ठिकाणी त्याचा अर्थ ‘६४० पट’ असा होता. आकडा हाताशी असताना विशेषण वापरलं की ऐकणारा आपल्याला हवा तो आकडा मनात भरतो.

मग सारांशाची दुसरी पायरी आली. ती भरलेली खोली सोडून मॅनेजर वरच्या बैठकीत गेला. तिथे त्याच्या हाती स्लाइड नव्हत्या, तोंडी गोषवारा होता. टाइलचं बरंच नुकसान शक्य आहे, पण आरपार जळण्याचं लक्षण नाही, असं त्याने सांगितलं. अध्यक्षांनी त्यातून आणखी छोटं वाक्य काढलं: म्हणजे संकट नाही, परतल्यावर टाइल बदलाव्या लागतील. फोनवरून जोडलेल्या लोकांसाठी तेच पुन्हा सांगितलं गेलं. हिशेबातली शंका पहिल्या पायरीला तळाशी गेली, दुसऱ्या पायरीला गळून पडली.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कोलंबिया टेक्सासच्या आकाशात तुटलं. सातही जण गेले.

सगळा दोष एका स्लाइडवर टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. फोम आधीच्या उड्डाणांतही पडला होता. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये तर टाकीच्या त्याच भागातला तुकडा निखळला होता आणि ते यान सुखरूप परतलं होतं. त्यामुळे फोम म्हणजे देखभालीची कटकट, ही समजूत वरच्या बैठकीत आधीच घर करून होती. पंखाचे फोटो घेता यावेत म्हणून इंजिनियरांनी मदत मागितली होती, ती विनंती २२ जानेवारीलाच वरून थांबवली गेली होती. शिवाय ही स्लाइड टाइलबद्दल होती. प्रत्यक्षात भोक पडलं ते पंखाच्या पुढच्या कडेवरच्या कार्बनच्या पॅनेलला. म्हणजे चांगली स्लाइडही बरोबर जागेवर बोट ठेवू शकली नसती. पण एक गोष्ट तिला नक्की करता आली असती: ‘आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य वरच्या बैठकीपर्यंत पोचवणं.

ते कसं पोचलं असतं? तीच माहिती घेऊन तीन ओळी लिहून पाहू.

एक: आदळलेला तुकडा आमच्या चाचण्यांतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे, त्यामुळे पंख सुरक्षित आहे की नाही हे आम्ही गणिताने सांगू शकत नाही.

दोन: मॉडेल म्हणतं की टाइल पूर्ण भेदली गेली, मॉडेल सहसा जास्त दाखवतं, पण एवढ्या मोठ्या तुकड्यासाठी ते तपासलेलं नाही.

तीन: पंखाचे फोटो हवेत, ते मागायचे की नाही हा निर्णय आज तुमच्याकडून हवा आहे.

यात नवीन माहिती एकही नाही. फक्त क्रम उलटा झाला आहे. तळाचा आकडा वर आला, विशेषणं गेली, आणि शेवटी साहेबांनी काय करायचं ते आलं. मूळ स्लाइडवर ही तिसरी ओळ नव्हतीच. ती वाचून वरिष्ठांनी करायचं असं काहीच उरत नव्हतं, आणि काही करायचं नसेल तर माणूस मान हलवून पुढच्या विषयाकडे वळतो.

थोडक्यात लिहा हा आग्रह जुना आहे. ९ ऑगस्ट १९४० रोजी, विमानांची लढाई डोक्यावर चालू असताना, चर्चिल यांनी आपल्या सरकारी खात्यांना एक चिठ्ठी पाठवली. मुख्य मुद्दे छोट्या, नेमक्या परिच्छेदांत द्या, तपशील आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, गुळमुळीत शब्दप्रयोग बंद करा, असं त्यांचं म्हणणं. सल्ला चांगलाच आहे. पण परिशिष्टात काय जाईल आणि पहिल्या परिच्छेदात काय राहील, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ‘१९२० आणि ३’ ही दिसायला परिशिष्टातलीच माहिती आहे: आकडे, घन इंच, चाचणीचा तपशील. तरी ती पहिल्या ओळीत हवी होती, कारण ती बदलली असती तर निर्णय बदलला असता. गाळायचं की ठेवायचं, यासाठी हीच कसोटी. किती तांत्रिक आहे हे पाहायचं नाही. ही ओळ वाचून समोरचा वेगळं काही करेल का, एवढंच पाहायचं. दुसरी कसोटी ऐकणाऱ्याकडून घ्यायची. तुम्हाला यातून काय कळलं ते एका वाक्यात सांगा, असं त्याला विचारायचं. अध्यक्षांनी त्या दिवशी आपलं वाक्य मोठ्याने म्हटलं होतं. ‘नाही, आम्ही तसं म्हटलेलं नाही’ असं सांगणारं त्या क्षणी कोणी निघालं नाही.

फोटो घेतले असते तर पुढे काय झालं असतं? चौकशी समितीने हे नासाकडूनच तपासून घेतलं. अंतराळवीरांनी बाहेर पडून पंख पाहणं शक्य होतं. अटलांटिस हे दुसरं यान पुढच्या मोहिमेसाठी तयार होत होतं. घाई केली असती तर त्यातून सुटकेचा प्रयत्न करता आला असता. धोका मोठा होता, खात्री नव्हती, पण वाट होती.

७ जुलै २००३ रोजी टेक्सासमध्येच सॅन अँटोनियो इथे तसाच फोमचा तुकडा गॅसच्या तोफेतून यानाच्या खऱ्या पॅनेलवर डागला गेला. पॅनेलला सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. पाहणाऱ्यांना धक्का बसला. फोम एवढं करू शकतो यावर अनेकांचा तोपर्यंत विश्वास नव्हता. चाचणी आता तुकड्याच्या खऱ्या आकारात झाली होती. शेवटच्या ओळीत नेमकं हेच लिहिलेलं होतं, की ती अजून झालेली नाही.