प्रॉम्प्टसंग्रह (लहान स्टुडिओतील)

प्रतिमा किंवा मजकूर तयार करणाऱ्या प्रारूपाला, म्हणजे मॉडेलला, दिलेल्या सूचना पुन्हा वापरता याव्यात म्हणून नोंदींसह जपलेला साठा. केवळ सूचनेचा मजकूर जपला की संग्रह झाला, असा समज असतो; तो अपुरा आहे. स्टेबल डिफ्यूजनसारख्या प्रतिमा-मॉडेलमध्ये तीच सूचना, तेच मॉडेल आणि तेच आकारमान असूनही सीड नावाचा आकडा बदलला की चित्र वेगळेच येते. सॅम्पलर बदलला, पायऱ्यांची संख्या बदलली, तरी चित्र बदलते. त्यामुळे जपायची वस्तू म्हणजे एक पूर्ण प्रयोग: सूचना, मॉडेल, मापे, निघालेले चित्र आणि त्यावर माणसाने दिलेला निकाल. नाव, आवृत्ती आणि जागा हे तिन्ही निर्णय यावरून ठरतात.

समजा, चार जणांच्या स्टुडिओने सप्टेंबरात एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ केले: जलरंगातला जुना वाडा, ओसरीवर पणत्या. पुढच्या जुलैत तशाच हाताची चित्रे हवी आहेत. तेव्हा फोल्डरात `final2.txt` आणि `final-navin.txt` सापडतात, आणि छापले गेले ते कोणते हे कोणालाच सांगता येत नाही. दहा महिन्यांनी शोधणाऱ्याला गिऱ्हाईक किंवा तारीख आठवेलच असे नाही. काम काय होते आणि चित्र कसे दिसत होते, हे आठवते. म्हणून नाव त्याच क्रमाने द्यावे: `mukhaprushtha-wada-jalrang.md`. नाव रोमन लिपीत ठेवण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. गिट हे आवृत्ती सांभाळणारे साधन मूळ मांडणीत देवनागरी फाइलनाव `\340\244\246` अशा आकड्यांत दाखवते. `core.quotepath` बंद केले की अक्षरे दिसतात, पण ते प्रत्येक संगणकावर आठवणीने करावे लागते. फाइलच्या आत मात्र मराठी खुशाल असावे. सूचनेच्या वर निदान एवढे असावे:

```
model: sd_xl_base_1.0
seed: 284517
size: 832x1216
sampler: DPM++ 2M Karras
steps: 30
cfg: 6
nikal: छापले; पणत्यांचा उजेड मऊ, खांब सरळ
```

यातली शेवटची ओळ सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. बाकीचे आकडे पुष्कळदा यंत्राकडून परत मिळतात: AUTOMATIC1111 चे वेब यूआय ते मूळ पीएनजी फाइलमध्ये `parameters` या नावाने लिहून ठेवते. तेच चित्र वॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की ही नोंद पुसली जाते, म्हणून मूळ पीएनजी संग्रहातच हवी. निकाल मात्र कुठल्याच फाइलमध्ये आपोआप येत नाही.

आवृत्तीचा आकडा नावात घालू नये. नाव एकच ठेवून बदल गिटमध्ये नोंदवावेत. प्रत्येक कमिटला कारण लिहावे: ‘खांब वाकडे येत होते, पायऱ्या 20 वरून 30’. मग `git log -p mukhaprushtha-wada-jalrang.md` म्हटले की बदल आणि कारण शेजारी दिसतात. गिट फरक ओळीनुसार दाखवते, म्हणून लांब सूचनेतले प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर ठेवावे. नाहीतर एक विशेषण बदलले तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. मॉडेलची फाइल गिटमध्ये टाकू नये: एसडीएक्सएलची सुमारे 7 जीबी भरते, आणि गिटहब 100 एमबीपुढची फाइल साध्या मार्गाने घेतच नाही. ती वेगळ्या डिस्कवर ठेवून तिचा हॅश नोंदीत लिहावा, कारण एकाच नावाच्या दोन फाइली आतून वेगळ्या असू शकतात.

एवढ्याशा स्टुडिओला गिट कशाला, स्प्रेडशीट पुरे, असा आक्षेप येतो. चाळीसपन्नास नोंदींपर्यंत तो खरा आहे. पण तक्त्यात जुन्या ओळीवरच नवे लिहिण्याचा मोह होतो. जुने शब्द इतिहासात सापडले तरी ते का बदलले हे सापडत नाही. दुसरा आक्षेप शोधसुविधेचा: सगळा मजकूर शोधता येतो, मग नावांची शिस्त कशासाठी? शोध शब्द पकडतो. ‘दिवा’ असलेल्या साठ सूचना तो समोर टाकेल, त्यांतली छापलेली कोणती हे `nikal` ची ओळ असेल तरच कळेल.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. मॉडेल बदलत राहतात, मग जुनी सूचना काय कामाची? स्वतःच्या डिस्कवरचे मॉडेल बदलत नाही. तेथे चित्र जवळजवळ तसेच परत मिळते, ग्राफिक्स कार्ड बदलल्यास बारीक फरक पडू शकतो. भाड्याच्या सेवेत मात्र जुने मॉडेल एके दिवशी बंद होते, आणि तेथे हा आक्षेप मान्यच करावा लागतो. अशा वेळी चित्र आणि निकाल सोबत असतील, तरच ती सूचना नव्या मॉडेलवर चालवून काय बिघडले हे ताडून पाहता येते. त्यासाठी पाच नमुना-नोंदी आधीच निवडून ठेवाव्यात आणि सेवेने मॉडेल बदलल्याच्या दिवशीच त्या चालवाव्यात. वाड्याचे खांब पुन्हा वाकडे येऊ लागले, तर ते गिऱ्हाइकाच्या कामात नव्हे, या पाचांत आधी दिसते.